पोरांच्या हाती साधा दोरा

माझ्या उजव्या हाताची तर्जनी पुरती मिटत नाही. मूठ कितीही आवळली तरी तिचं शेवटचं पेर सरळच राहतं, आणि सुईत दोरा ओवताना नेमकं आडवं येतं. दहा वर्षांची असताना मी संक्रांतीला येवल्याला आजोळी होते. दुपारी गच्चीवर मामेभावाने पेच लागलेला पतंग "घे, धर जरा" म्हणून माझ्या हातात दिला आणि तो पाणी प्यायला खाली गेला. तेवढ्यात समोरच्याने खेच मारली. दोरा सोडून द्यायचा, तर मी घाबरून तो आणखी घट्ट धरला. मांजा बोटाच्या मधल्या घडीतून सरकत गेला. रक्त फार आलं नाही. आजीने हळद दाबली, फडकं गुंडाळलं आणि मी पुन्हा गच्चीवर पळाले. बोटाचं टोक हलतच नाही हे तिसऱ्या दिवशी शाळेत पेन्सिल धरताना लक्षात आलं.

तो नायलॉनचा मांजा नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण संक्रांत जवळ आली की आता सगळा राग नायलॉनवर निघतो. तो रास्तच आहे; पण त्या रागाच्या आडून एक गैरसमज घट्ट होत चालला आहे. नायलॉन नको म्हणजे सुती मांजा चालतो, आणि चालतो म्हणजे पोरांच्या हातात द्यायलाही हरकत नाही, असं घरोघरी धरून चालतात. माझं बोट सुती मांजाने गेलं आहे.

येवल्यात पतंगांचे तीन दिवस असतात: भोगी, संक्रांत आणि कर. त्या तीन दिवसांत गाव जमिनीवर कमी आणि गच्चीवर जास्त असतं. हलकडी वाजत असते, भोगीच्या भाजीचे डबे वर येतात आणि सकाळी चढलेली माणसं दिवस मावळल्यावर उतरतात. इतर गावांत जिला फिरकी किंवा चक्री म्हणतात तिला तिथे आसारी म्हणतात, आणि आसारी फिरवणारा मनगटात जोर असलेलाच लागतो. अशा गावात पोरगं कोणत्या वयापासून पतंग उडवतं, असं विचारलं तर "समजायला लागल्यापासून" असं उत्तर मिळतं. पण पोराला काय समजायला लागल्यापासून, हे कोणी सांगत नाही. कायद्यातही पतंग उडवण्यासाठी वयाची अट नाही. ती घरानेच घालायची असते, आणि त्यासाठी दोरा काय करतो हे आधी नीट कळायला हवं.

दोरा कापतो कसा

मांजाच्या पोटात असतो साधा सुती दोरा. पतंगवाले त्याला सद्दी म्हणतात, आणि किती तारा पिळल्या आहेत त्यावरून सहातारी, नऊतारी, बारातारी अशी नावं पडतात. हा दोरा खांबांमध्ये ताणून बांधतात आणि त्यावर खळ किंवा सरस, रंग आणि काचेची वस्त्रगाळ पूड यांचा लगदा हाताने फासतात. वाळला की मांजा तयार. सुताराचा पॉलिश पेपर आठवा. तोच कागदाऐवजी दोऱ्यावर चढवला आहे, असं समजा.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. मांजा बोटावर नुसता दाबला तर फारसं काही होत नाही. तो सरकला की कापतो. करवत लाकडावर ठेवून दाबली तर चरा पडतो, ओढली तर लाकूड कापलं जातं, तसंच हे. पेचात दोरा सतत सरकत असतो. ढील देताना तो बोटांमधून बाहेर धावतो, खेचताना आत येतो. मुरलेला खेळाडू दोरा धावू लागला की बोटं मोकळी सोडतो आणि दोरा थांबला की धरतो. भेदरलेलं पोर याच्या नेमकं उलट करतं. कुठलीही गोष्ट हातातून निसटायला लागली की ती घट्ट धरायची, हे मूल रांगत असल्यापासून शिकलेलं असतं. धावत्या मांजाभोवती मूठ आवळली की करवत लाकडात शिरली.

कापतं ते बहुधा पेरांच्या घडीत. तिथे कातडी पातळ असते आणि लगेच खाली कंडरा असते, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचवणारी दोरी. बोटाचं टोक वाकवणारी कंडरा तुटली की तिचं तुटलेलं टोक तळहाताकडे आखडतं. लगेच शिवली तर बोट बरंच परत येतं. जितके दिवस जातील तितकं ते अवघड होतं. माझे तीन दिवस गेले होते.

नायलॉन मांजाची तऱ्हा निराळी. हा पिळलेला दोरा नसतो. मासे पकडायच्या गळाला असतो तसा एकच अखंड प्लास्टिकचा धागा असतो, आणि त्यावर काच किंवा धातूची पूड चढवलेली असते. लोक त्याला चायनीज म्हणतात, पण त्यातला पुष्कळसा आपल्याच देशात तयार होतो. सुती मांजावर फार ताण आला तर तो तुटतो. नायलॉन आधी ताणला जातो आणि तुटण्याच्या आत समोरचं कापून मोकळा होतो. शिवाय तो कुजत नाही. सुती दोरा ऊनपावसात विरून जातो. नायलॉनचा तुकडा पुढच्या संक्रांतीलाही त्याच झाडावर, त्याच धारेने लटकत असतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. बनवणं, साठवणं, विकणं, घेणं आणि वापरणं, सगळंच त्यात आलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर हा विषय आपणहून हाती घेतला. तरीही डिसेंबर उजाडला की तो गल्लीबोळात मिळतो, आणि घ्यायला पाठवलेलं असतं ते बहुतेक वेळा पोरगंच.

म्हणून फिरकी घरात आली की मोठ्यांनी ती पाहावी. हातभर दोरा तोडून घ्या. तो तोडतानाच निम्मं कळतं, कारण सुती दोरा झटक्यासरशी तुटतो आणि नायलॉन रबरासारखा लांबतो. (झटका द्यायचा तो दोरा फडक्यात धरून.) मग तुकड्याचा पीळ उलटा फिरवा. सुती दोऱ्याच्या तारा सुट्या होतात, टोकाला कापसाची लव दिसते. नायलॉनला पीळच नसतो. तरीही शंका राहिली तर तुकडा चिमट्यात धरून काडीने पेटवा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. नायलॉन वितळतो, आक्रसतो आणि टोकाला कडक मणी उरतो. मणी दिसला की ती फिरकी दुकानात परतही करू नका, कारण ती दुसऱ्या कुणाच्या तरी पोराच्या हातात जाईल. पोलिसांना कळवा.

मैदानावरची एक सकाळ

गेल्या संक्रांतीला भाऊ आणि वहिनी गावाला होते, त्यामुळे त्यांची दोन मुलं माझ्याकडे होती. भाची अकरा वर्षांची, भाचा सहा वर्षांचा. शेजारचा एक चौदा वर्षांचा मुलगाही बरोबर आला. तो पेच खेळणारा, म्हणून त्याचा तोरा वेगळा. आम्ही गच्चीवर न जाता जवळच्या मैदानावर गेलो. मैदान निवडताना मी आधी पतंग नव्हे, तारा पाहते. वाऱ्याच्या दिशेला, दोरा जितका सोडणार त्याच्या दीडपट अंतरात विजेची तार नको. दुसरी गोष्ट रस्ता. मैदानाची जी बाजू रस्त्याला लागून असते तिच्याकडे पाठ करून उभं राहता आलं पाहिजे, म्हणजे तुटलेला पतंग वाऱ्याबरोबर मैदानातच पुढे जातो आणि मागे धावणारी पोरं गाड्यांसमोर येत नाहीत.

सामान थोडंच होतं. हातभर रुंदीचे पाच कागदी पतंग, नऊतारी सद्दीचं एक रीळ, औषधाच्या दुकानात मिळते ती कापडी चिकटपट्टी, कात्री, टोप्या, पाणी. सद्दीला काच नाही, खळ नाही, रंगही नाही. तिच्यातला पन्नास मीटर दोरा मी लहान फिरकीवर गुंडाळून घेतला होता आणि शेवटचं टोक फिरकीला बांधलं होतं. पन्नास मीटर म्हणजे पंधरा-सोळा मजली इमारतीइतकी उंची. पोराच्या आनंदाला तेवढी पुरते, आणि मैदानाबाहेर जाईल इतका दोरा मुळात हातातच नसतो.

पतंगाचं मंगळसूत्र, कुठे त्याला कन्नी म्हणतात, ते मी घरीच बांधलं होतं. वर, जिथे कण्याची आणि कमानीची कामटी एकमेकींवर येतात, तिथे एक गाठ. खाली, शेपटीपासून चार बोटं वर, कण्यावर दुसरी. दोन्ही दोरे ओढून पाहिले तर खालचा बोटभर लांब असावा. पेच खेळणाऱ्यांचा पतंग मुद्दाम चंचल ठेवलेला असतो. नाक जिकडे वळेल तिकडे, खेचली की तो धावतो. पोरांना असा पतंग आवरत नाही. तो गिरक्या घेत खाली येतो, मग पोरगं वर बघत, जोरात खेचत उलट्या पावली मागे जातं. यावर सोपा उपाय म्हणजे जुन्या वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद आणि दीडेक मीटर लांब शेपटी. शेपटी लावलेला पतंग संथ होतो आणि एका जागी उभा राहतो. पेचवाल्यांना तो गावंढळ दिसतो, आणि म्हणून ते त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. हा आणखी एक फायदा.

सहा वर्षांच्या भाच्याच्या हातात मी धावता दोरा दिला नाही. त्याचं काम होतं पतंग बदवायचं. मी वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिले. तो माझ्यासमोर पंधरा-वीस पावलांवर, पतंगाचे दोन्ही कान दोन हातांत धरून, हात वर करून. "सोड!" म्हटलं की त्याने फेकायचा नाही, नुसती बोटं उघडायची. पहिल्या तीन वेळा त्याने फेकला आणि पतंग नाकावर आपटला. चौथ्यांदा सोडला. पतंग सुळकन वर गेला तेव्हा त्याची मान इतकी मागे गेली की टोपी पडली. पतंग तीस-चाळीस मीटरवर स्थिर झाल्यावर मी फिरकी थांबवली आणि ताणलेल्या दोऱ्यावर त्याचं बोट टेकवलं. दोऱ्यातून वाऱ्याची थरथर येते ती त्याला कळली. सहा वर्षांच्या मुलासाठी पतंग उडवणं एवढंच असावं, असं माझं मत आहे: बदवणं, शेपट्या चिकटवणं आणि थांबलेल्या दोऱ्याला हात लावणं. त्याहून लहानांनी मोठ्यांच्या मांडीवरून बघावं. फिरकी धरायलाही सातेक वर्षांच्या आत देऊ नये. ढील सुटली की फिरकी गरगरते, आणि फिरणाऱ्या फिरकीला थांबवायला मूल हातच घालतं.

भाचीची गोष्ट वेगळी. आठ-नऊ वर्षांपासून मुलाला साध्या दोऱ्यावर, जमिनीवरून, मोठं माणूस हाताच्या अंतरावर असताना पतंग द्यायला हरकत नाही. पण आधी एक परीक्षा घ्यायची. तिच्या तर्जनीच्या दोन्ही घड्यांवर चिकटपट्टीचा एकेक वेढा दिला. साधा दोराही वेगाने धावला तर चटका देतो. मग पतंग नसतानाच दोऱ्याचं टोक मी धरलं, दोरा तिच्या बोटांमधून हळूहळू ओढला आणि मध्येच अचानक हिसका मारला. तिने मूठ आवळली. पुन्हा केलं, पुन्हा आवळली. पाचव्या-सहाव्या खेपेला तिची बोटं हिसका बसताच उघडली. लागोपाठ दहा वेळा बोटं उघडली तरच पतंग, असा आमचा करार होता, आणि तिला त्यासाठी वीस मिनिटं लागली. वयापेक्षा ही परीक्षा मला अधिक भरवशाची वाटते. कुणी नवव्या वर्षी ती उतरतं, कुणी बाराव्या वर्षीही उतरत नाही.

दुपारपर्यंत तिचे तीन पतंग कटले. साधा दोरा कुणाच्याही मांजाने सहज तुटतो, हे कबूल केलंच पाहिजे. "आत्या, सगळे आपलेच काटतात," ती रडवेली होऊन म्हणाली. या तक्रारीवर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पतंग जास्त न्यावेत, आणि आकाश मोकळं असतं तेव्हा, म्हणजे संक्रांतीच्या आधीच्या रविवारी किंवा भोगीच्या सकाळी, मुलांना मनसोक्त उडवू द्यावं. संक्रांतीच्या दिवशी त्यांना निम्मा वेळ प्रेक्षक व्हायला शिकवावं.

राहिला चौदा वर्षांचा. त्याला पेच हवा होता, आणि सुती मांजा त्याने घरून आणला होता. काचेचा मांजा मुलांना कोणत्या वयात द्यावा, असं मला विचाराल तर माझं उत्तर आहे, अठराच्या आत नको. आणि ज्या शहरात दुचाक्यांची रांग संपत नाही तिथे अठरानंतरही नको. त्याला ते पटलं नाही. "मग पतंगात मजा काय?" त्याचा प्रश्न खोटा नाही. मी त्याला सद्दीवर पेच लावून दाखवला. दोन्ही बाजूंना साधा दोरा असला तर काटाकाटी घर्षणावर होते; जो नेमक्या वेळी वेगाने ढील देतो किंवा खेचतो त्याचा दोरा टिकतो. त्याला अर्धा तास लागतो, हाताला कसब लागतं. तो तासभर भाचीशी तसा खेळला आणि दोनदा हरला. मांजा त्याने दिवसभर खिशातून काढला नाही, एवढंच मी खात्रीने सांगू शकते.

गच्ची, तार आणि रस्ता

सगळ्यांजवळ मैदान नसतं. गच्चीवर जायचंच असेल तर कठड्याची उंची मुलाच्या अंगाने मोजा. मूल कठड्याला टेकून उभं करा. कठडा त्याच्या छातीच्या वर आला पाहिजे. आपल्या शरीराचा तोल बेंबीच्या आसपास असतो. कठडा कंबरेइतका असला तर वाकल्याबरोबर शरीराचा जड भाग कठड्याच्या पलीकडे जातो. एक मीटरचा कठडा सात वर्षांच्या मुलाला पुरतो. बारा वर्षांच्या उंच मुलाला तोच कंबरेशी येतो. म्हणजे मूल मोठं झालं की गच्ची आपोआप सुरक्षित होते असं नाही, उलटच होतं. जुन्या वाड्यांचे दोन फुटी कठडे आणि पत्र्याची छपरं मुलांसाठी वर्ज्य. पाण्याच्या टाकीवर चढलेल्या मुलाला तर कठडा कितीही उंच असला तरी नसल्यासारखाच. आणि पडणारं मूल पुढे वाकूनच पडतं असं नाही. खेचताना पाऊल मागे पडतं, डोळे आकाशात असतात. मी गच्चीच्या मधोमध, कठड्यापासून चार पावलं आत, खडूने चौकोन आखते. त्याच्या बाहेर पाय गेला की दोरा मोठ्यांकडे. आणि एक मोठं माणूस असं हवं ज्याच्या हातात पतंग नाही. पतंग उडवणारा बाप पोरावर लक्ष ठेवू शकत नाही, हे मी स्वतःच्या घरातच पाहिलं आहे.

तारेत अडकलेला पतंग गेला असं समजायचं. काठीने नाही, गजाने नाही, दोरा ओढूनही नाही. सुती दोरा दवाने किंवा घामाने ओला झाला तर त्यातून वीज येऊ शकते, आणि धातूची पूड लावलेल्या मांजातून तर कोरडा असतानाही. दोरा ओढल्याने तारा एकमेकींना लागतात, ठिणग्या उडतात, कधी तार तुटून खाली येते. अशी तार दिसली तर लांब राहून महावितरणला १९१२ वर कळवायचं.

कटलेल्या पतंगामागे धावणं, हा पोरांचा खरा खेळ. अपघातही तिथेच होतात, कारण नजर वर आणि पाय रस्त्यावर, रुळांवर किंवा शेतातल्या विहिरीच्या काठावर असतात. आमच्याकडे नियम एकच: मैदानाच्या आत पडला तर आपला, बाहेर गेला तर ज्याला मिळेल त्याचा. आणि आकाशातून लोंबत येणाऱ्या अनोळखी दोऱ्याला हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची. त्याचं दुसरं टोक कुणीतरी खेचत असतं.

पण या दिवसांत ज्या मुलाच्या हातात पतंगच नाही त्यालाही धोका असतो. तो दुचाकीवर असतो. वडिलांच्या पुढ्यात, टाकीवर किंवा स्कूटरच्या पायदानावर उभं राहिलेलं मूल आडव्या आलेल्या दोऱ्याला सगळ्यांत आधी भेटतं, आणि त्याचा गळा मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर असतो. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. दोरा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर संपतं. आणि मुळात तो दिसतच नाही. जानेवारीचा पहिला पंधरवडा तरी मुलाला पुढे बसवू नका. मागे, डोक्याला हेल्मेट; चार वर्षांवरील प्रत्येकाला ते कायद्यानेही सक्तीचं आहे. गळ्याभोवती जाड मफलर गुंडाळला तर सुती मांजापुढे तो टिकेल. नायलॉनपुढे फक्त क्षणभर वेळ मिळेल, पण तो क्षणही मोलाचा असतो. हँडलला दोन्ही बाजूंनी लावतात ती तारेची कमान बसवून घेतली तर दोरा गळ्यापर्यंत येण्याआधी तिला अडतो. पुलावर वेग कमी ठेवा, तिथे दोरे आडवे ताणलेले असतात.

कापलं तर

बोट कापलं तर नळाच्या धारेखाली धुवा, म्हणजे काचेचे कण निघून जातील. स्वच्छ फडकं दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा, आणि दहा मिनिटं पुरी होईपर्यंत उचलून पाहू नका. हळद, कॉफी, मातीची चिमूट यांपैकी काहीच नको. रक्त थांबल्यावर जे माझ्या आजीला माहीत नव्हतं ते करा. मुलाला एकेक करून सगळी पेरं वाकवायला सांगा, शेवटचं पेर सुद्धा. मग डोळे मिटायला लावून बोटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी हलकेच स्पर्श करा आणि कुठे लागलं ते विचारा. टोक वाकलं नाही किंवा एका बाजूला बधिर वाटलं, तर जखम कितीही लहान दिसो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. शाळेत किंवा दवाखान्यात दिलेल्या धनुर्वाताच्या डोसांचं कार्डही बरोबर असू द्या.

गळ्याची जखम असेल तर जिथून रक्त येतं तिथेच तळहाताने कापड दाबा आणि १०८ ला फोन लावा. गळ्याभोवती पट्टी आवळायची नाही, आणि रुतलेला दोरा ओढून काढायचा नाही. दोन्हीकडून तो कापून टाका आणि रुतलेला भाग डॉक्टरांसाठी राहू द्या. डोळ्यात काचेची पूड गेली तर चोळू न देता पाण्याने धुवा.

पक्षी पहाटे घरट्यांतून निघतात आणि संध्याकाळी परततात, म्हणून आम्ही साडेनऊच्या आधी दोरा सोडत नाही आणि साडेचारला आवरतं घेतो. करीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन मी पुन्हा मैदानावर जाते. हातात जाड मोजे, कात्री आणि एक पिशवी. हाताला येतील तेवढ्या फांद्यांवरचा, कुंपणावरचा दोरा काढायचा आणि वीतभर तुकडे करून पिशवीत टाकायचा, कारण लांब दोरा कचऱ्यात गेला तरी कुणाच्या तरी पायात अडकतोच. विजेच्या खांबांकडे जायचं नाही. गेल्या वर्षी पिशवी गच्च भरली. त्यातला आमचा साधा दोरा किती होता ते ओळखता आलं नाही. पण नायलॉनचा मात्र एकेक तुकडा ओळखू येत होता.